वर्गणीदार किती काळ टिकतो? एका सरासरीत न मावणारा हिशेब

दरमहा वर्गणी घेऊन सेवा देणाऱ्या प्रत्येक व्यवसायापुढे एक प्रश्न सतत उभा असतो. आज आलेला नवा वर्गणीदार सेवा सोडेपर्यंत एकूण किती वर्गणी देईल? या रकमेला ग्राहकाचे आजीवन मूल्य म्हणतात, आणि नवा ग्राहक मिळवण्यासाठी किती खर्च करणे परवडेल हे तिच्यावरून ठरते. ती काढण्याची सर्वांत प्रचलित रीत एका ओळीत सांगता येते. एका ग्राहकाकडून महिन्याला मिळणारी सरासरी रक्कम घ्यायची आणि तिला मासिक गळतीच्या दराने भागायचे. गळतीचा दर म्हणजे महिन्याच्या सुरुवातीला असलेल्या वर्गणीदारांपैकी त्या महिन्यात किती टक्के सोडून गेले. दरमहा ५% ग्राहक जात असतील, तर १ भागिले ०.०५ म्हणजे २०, म्हणून सरासरी ग्राहक २० महिने टिकतो, असे ही रीत सांगते.

या भागाकारात गणिताची चूक नाही. प्रत्येक महिन्याला सोडून जाण्याची शक्यता एखाद्या ग्राहकासाठी कायम ५% असेल, तर त्याच्याकडून अपेक्षित असलेल्या वर्गण्यांची संख्या बरोबर २० भरते. अडचण गृहीतकात आहे. सर्व ग्राहकांची सोडून जाण्याची शक्यता एकसारखी आहे, आणि ती पहिल्या महिन्यात जेवढी असते तेवढीच तिसाव्या महिन्यातही असते, असे ही रीत न सांगता मानून चालते. प्रत्यक्षातल्या जवळजवळ कोणत्याही सबस्क्रिप्शनच्या नोंदी उघडून पाहिल्या, तर हे गृहीतक पहिल्या काही महिन्यांतच मोडलेले दिसते. ते मोडल्यावर उत्तर किती चुकते आणि कोणत्या दिशेने चुकते, हे एका आखलेल्या उदाहरणातून पाहू. पैशांचा हिशेब सोपा राहावा म्हणून एका महिन्याची वर्गणी हेच एकक धरू, म्हणजे आजीवन मूल्य किती वर्गण्या, एवढाच प्रश्न उरेल. वर्गणी महिन्याच्या सुरुवातीला भरली जाते असेही मानू.

समजा, एकाच महिन्यात १,००० नवे वर्गणीदार आले. त्यांपैकी ५०० जण सहज डोकावून पाहणारे आहेत आणि त्यांची दरमहा सोडून जाण्याची शक्यता २०% आहे. उरलेल्या ५०० जणांना सेवेची खरी गरज आहे, म्हणून त्यांच्याबाबत ती शक्यता केवळ २% आहे. कोण कोणत्या गटातला हे व्यवसायाला ठाऊक नाही. त्याला फक्त एकूण संख्या दिसते. आपण मात्र उदाहरण स्वतः रचले असल्यामुळे खरे उत्तर आधीच जाणतो. पहिल्या गटातला ग्राहक सरासरी ५ वर्गण्या देईल, दुसऱ्या गटातला ५०. दोन्ही गट समसमान असल्याने नव्या ग्राहकाचे खरे सरासरी मूल्य २७.५ वर्गण्या आहे.

आता पहिल्या महिन्याअखेरचा हिशेब घेऊन बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहू. चंचल गटातून १०० जण गेले, स्थिर गटातून १० गेले, म्हणजे १,००० पैकी ११० गेले आणि गळती ११% झाली. भागाकार केला की उत्तर येते ९.१ वर्गण्या. खऱ्या मूल्याचा हा केवळ एक तृतीयांश भाग आहे. यात नोंदी चुकलेल्या नाहीत की मोजणी चुकलेली नाही. आधी दरांची सरासरी काढून मग तिने भागणे आणि प्रत्येकाचे आयुष्य काढून मग त्याची सरासरी घेणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि ग्राहकांमध्ये फरक असला की पहिलीचे उत्तर नेहमी दुसरीपेक्षा कमीच येते. ग्राहकांमधला फरक जितका मोठा, तितकी ही तूट मोठी.

याच तुकडीकडे पुढचे महिने पाहत राहिलो, तर काय दिसते ते असे. आकडे पूर्णांकात आणलेले असल्याने बेरजेत एकाचा फरक पडू शकतो:

| महिन्याअखेर | चंचल गट | स्थिर गट | एकूण उरलेले | त्या महिन्यातील गळती |
|---|---|---|---|---|
| १ | ४०० | ४९० | ८९० | ११.०% |
| २ | ३२० | ४८० | ८०० | १०.१% |
| ३ | २५६ | ४७१ | ७२७ | ९.२% |
| ६ | १३१ | ४४३ | ५७४ | ६.८% |
| १२ | ३४ | ३९२ | ४२७ | ३.७% |
| २४ | २ | ३०८ | ३१० | २.२% |

शेवटचा स्तंभ लक्षपूर्वक पाहावा. गळती ११% वरून २.२% पर्यंत उतरली, पण या दोन वर्षांत एकाही ग्राहकाची निष्ठा वाढलेली नाही. चंचल ग्राहकाची शक्यता शेवटपर्यंत २०% च राहिली आणि स्थिर ग्राहकाची २%. जे जाणारे होते ते आधी गेले, त्यामुळे उरलेल्यांत स्थिर ग्राहकांचे प्रमाण वाढत गेले. बदलली ती फक्त मिसळण. जेम्स व्हॉपेल आणि अनातोली याशिन या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये मृत्युदरांच्या संदर्भात नेमका हाच परिणाम उलगडून दाखवला होता. समूहाचा दर ज्या प्रकारे बदलतो, त्या प्रकारे समूहातल्या कोणत्याही व्यक्तीचा दर बदलत नसेल, असे होऊ शकते. सबस्क्रिप्शनच्या व्यवसायात हे न ओळखल्यामुळे एक चूक वारंवार घडते. सहाव्या महिन्यात ग्राहकांना काही सवलत किंवा नवी सुविधा दिली जाते, त्यानंतर त्या तुकडीची गळती कमी झालेली दिसते, आणि श्रेय त्या उपायाला मिळते. वरच्या तक्त्यात कोणताही उपाय केलेला नसतानाही गळती कमी झाली आहे. म्हणून उपायाचा परिणाम तपासायचा असेल, तर तितकेच महिने टिकलेल्या पण तो उपाय न मिळालेल्या ग्राहकांशीच तुलना करावी लागते.

११% ची गळती कायम धरून भाकीत केले असते, तर १२ महिन्यांनंतर २४७ ग्राहक उरायला हवे होते. प्रत्यक्षात ४२७ उरले. २४ महिन्यांनंतर भाकीत ६१ चे असते आणि प्रत्यक्षात ३१० असतात. ही दरी वाढतच जाते, कारण आजीवन मूल्याचा मोठा भाग जे फार काळ टिकतात त्यांच्याकडून येतो, आणि सरासरी दर नेमका त्यांनाच नाहीसे करतो.

इथे कोणी म्हणेल की पहिल्याच महिन्याचा दर घेणे ही घाई झाली. पूर्ण वर्षाच्या नोंदी घेतल्या तर चित्र सुधारेल. थोडे सुधारते, पण पुरेसे नाही. १२ महिन्यांत १,००० चे ४२७ झाले, म्हणजे दरमहा सरासरी ६.८५% गळती, आणि भागाकाराचे उत्तर १४.६ वर्गण्या. अजूनही ते खऱ्या मूल्याच्या जेमतेम निम्मे आहे.

काही जण दराच्या वाटेला न जाता थेट आयुष्याची सरासरी काढतात. जे ग्राहक सोडून गेले त्यांनी किती महिने वर्गणी भरली, याची बेरीज करायची आणि गेलेल्यांच्या संख्येने भागायचे. ही रीत ऐकायला अधिक भरवशाची वाटते, कारण तिच्यात गृहीतक दिसत नाही, फक्त प्रत्यक्ष घडलेले दिसते. आपल्या तुकडीत वर्षअखेर ५७३ जण गेलेले आहेत आणि त्यांनी मिळून सुमारे २,५९० वर्गण्या भरल्या आहेत, म्हणजे सरासरी ४.५. खऱ्या मूल्याचा हा सहावा हिस्सा! कारण उघड आहे: बारा महिन्यांच्या खिडकीतून पाहणाऱ्याला बारा महिन्यांहून अधिक टिकलेला एकही ‘गेलेला’ ग्राहक दिसूच शकत नाही. जे सर्वांत मौल्यवान आहेत ते अजून गेलेलेच नाहीत, म्हणून ते मोजणीत नाहीत. मग सर्वांनाच मोजले आणि अजून टिकलेल्यांचे आयुष्य आजपर्यंत जेवढे झाले तेवढेच धरले, तर सरासरी ७.७ येते. हीदेखील चूक आहे, कारण जे अजून वर्गणी भरत आहेत ते सगळे आजच निघून गेले असे तिने मानले.

संख्याशास्त्रात या अडचणीला खंडित निरीक्षण म्हणता येईल. ग्राहक किमान बारा महिने टिकला एवढे आपल्याला माहीत आहे, एकूण किती टिकेल ते माहीत नाही. ही माहिती अर्धवट आहे, पण ती टाकाऊ नाही आणि पूर्णही मानता येत नाही. तिचा प्रामाणिक उपयोग करण्याची रीत एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी १९५८ मध्ये मांडली, आणि वैद्यकीय अभ्यासांत रुग्णांच्या जगण्याचा कालावधी मोजण्यासाठी ती आजही रोज वापरली जाते. वर्गणीदारांना ती जशीच्या तशी लागू पडते.

रीत अशी. ग्राहकांना कॅलेंडरच्या महिन्यानुसार न पाहता त्यांच्या वयानुसार पाहायचे, म्हणजे प्रत्येकाचा पहिला महिना, दुसरा महिना, तिसरा महिना. मग प्रत्येक वयासाठी दोनच आकडे काढायचे: त्या वयाच्या महिन्यात शिरलेले आणि तो महिना पूर्ण पाहता आलेले ग्राहक किती, आणि त्यांपैकी किती त्या महिन्यात गेले. समजा, सहाव्या महिन्यात शिरलेले व तो पूर्ण दिसलेले ग्राहक ३,००० आहेत आणि २०४ गेले. तर सहाव्या महिन्याची गळती ६.८% आणि टिकाव ९३.२%. तीन महिन्यांपूर्वी आलेला ग्राहक पहिल्या तीन वयांच्या हिशेबात येतो, सहाव्याच्या हिशेबात येत नाही. त्याच्याबद्दल जेवढे माहीत आहे तेवढेच वापरले जाते. प्रत्येक वयाचा टिकाव एकमेकांशी गुणत गेले की टिकावाचा आलेख तयार होतो: पहिल्या महिन्यानंतर ८९%, दुसऱ्यानंतर ८०%, तिसऱ्यानंतर ७२.७%, असा. सुरुवातीच्या १००% पासून या आलेखावरच्या महिनोमहिन्यांच्या आकड्यांची बेरीज केली की तेवढ्या काळात एका नव्या ग्राहकाकडून अपेक्षित असलेल्या वर्गण्यांची संख्या मिळते. आपल्या उदाहरणात पहिल्या २४ महिन्यांची ही बेरीज १२.१ वर्गण्या येते, आणि हा आकडा खरा आहे. त्यात दराच्या सरासरीची चूक नाही आणि गेलेल्यांनाच मोजण्याचीही नाही.

या रीतीची एक अट मात्र आहे, आणि ती व्यवहारात सर्रास मोडते. नवे ग्राहक जुन्या ग्राहकांसारखेच असायला हवेत. समजा, गेल्या सहा महिन्यांत मोठी सवलत देऊन ग्राहक आणले, आणि त्यापूर्वीचे सगळे पूर्ण दराने आलेले होते. मग आलेखाचा पहिला भाग मुख्यतः सवलतीतल्या ग्राहकांच्या वागण्यावर उभा राहतो आणि पुढचा भाग पूर्णपणे जुन्या ग्राहकांच्या. दोन वेगवेगळ्या माणसांचे धड आणि पाय जोडून केलेले ते चित्र असते. तसा ग्राहक कुठेही नसतो. हे ओळखण्याचा मार्ग सोपा आहे: तिमाहीप्रमाणे तुकड्या पाडून त्यांचे आलेख एकावर एक ठेवावेत. पहिल्या तीन-चार महिन्यांतच ते एकमेकांपासून फाकत असतील, तर सर्वांचा मिळून एक आलेख काढू नये.

आता पुन्हा त्या भागाकाराकडे येऊ, कारण त्याच्याविषयी अजून एक गोष्ट सांगायची आहे, आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत कमी ओळखली गेलेली गोष्ट तीच आहे. व्यवहारात गळतीचा दर एका तुकडीवर नव्हे, तर त्या महिन्यातल्या सर्व वर्गणीदारांवर काढला जातो. तेव्हा तो दर ग्राहकांच्या वागण्यावर अवलंबून असतोच, पण नवे ग्राहक किती वेगाने येत आहेत यावरही अवलंबून असतो.

समजा, आपल्या व्यवसायात कित्येक वर्षे दरमहा अगदी १,००० नवे ग्राहक येत आहेत, निम्मे चंचल आणि निम्मे स्थिर. अशा स्थितीत एक समतोल येतो. चंचल ग्राहक सरासरी ५ महिने राहतात, म्हणून कोणत्याही वेळी ते ५०० गुणिले ५, म्हणजे २,५०० असतात. स्थिर ग्राहक ५०० गुणिले ५०, म्हणजे २५,०००. एकूण २७,५०० पैकी दरमहा १,००० जातात, म्हणजे गळती ३.६४%, आणि भागाकाराचे उत्तर येते बरोबर २७.५. तोच भागाकार इथे खरे उत्तर देतो! ज्या व्यवसायांत तो पूर्वी कधीतरी तपासून बरोबर ठरला, त्यांचा त्याच्यावर विश्वास का बसला असेल हे यावरून कळते.

पण आता ग्राहक येण्याचा वेग दरमहा ५% ने वाढत आहे असे धरू. ग्राहकांच्या वागण्यात काहीही फरक नाही, गटांचे प्रमाणही तेच. वेगाने वाढणाऱ्या व्यवसायात नव्यांचा भरणा अधिक असतो, आणि नव्यांत चंचल ग्राहक अजून गळून गेलेले नसतात, म्हणून एकूण गळती ५.९% दिसते आणि उत्तर १६.८ येते. उलट समजा, समतोलात असलेल्या त्या व्यवसायाने नवे ग्राहक आणणे एक वर्ष पूर्ण थांबवले. चंचल ग्राहक बहुतेक निघून जातात, गळती २.२% पर्यंत घसरते आणि उत्तर ४६ च्या वर जाते. ग्राहक तेच, त्यांचे मूल्यही तेच २७.५, पण मोजलेले मूल्य १६.८ पासून ४६.४ पर्यंत कुठेही असू शकते, आणि ते ठरते ते केवळ विक्रीच्या वेगावरून. यातला धोका दिशेचा आहे. जोमाने वाढणारा व्यवसाय आपल्या ग्राहकांना कमी लेखतो आणि वाढीवरचा खर्च आखडतो. ज्याची वाढ खुंटली आहे त्याला मात्र गळती सुधारल्याचा भास होतो, आपले ग्राहक फार मौल्यवान आहेत असे वाटते, आणि तो नव्या ग्राहकासाठी न परवडणारी किंमत मोजायला तयार होतो. आपला आकडा यांपैकी कोणत्या बाजूला झुकला आहे, हे पाहण्यासाठी गळतीच्या दरासोबत वर्गणीदारांचे सरासरी वय किती आहे आणि ते वाढते आहे की घटते आहे, एवढे तरी नोंदवून ठेवावे.

याच मिसळणीमुळे आणखी एक भेद पाळावा लागतो. नव्या ग्राहकाचे मूल्य आणि आज असलेल्या ग्राहकाचे उरलेले मूल्य या निराळ्या गोष्टी आहेत. समतोलातल्या २७,५०० ग्राहकांत २५,००० स्थिर आहेत, म्हणून आज असलेल्या एका ग्राहकाकडून पुढे सरासरी ४५.९ वर्गण्या यायच्या आहेत, नव्याकडून मात्र २७.५. एखाद्या व्यवसायाची विक्री होत असताना त्याच्या सध्याच्या ग्राहकांची किंमत नव्या ग्राहकाच्या सरासरीने लावली, तर ती खऱ्याच्या साठ टक्क्यांवर येते. पीटर फेडर आणि ब्रूस हार्डी यांनी २०१० मध्ये नेमक्या याच चुकीवर लिहिले, आणि ग्राहकांमधला फरक दुर्लक्षिल्याने मूल्यांकन कसे खाली येते हे दाखवून दिले.

टिकावाचा आलेख जिथे नोंदी संपतात तिथे संपतो. सेवा सुरू होऊन दोनच वर्षे झाली असतील, तर तिसऱ्या वर्षात काय होईल हे तो सांगत नाही. पुढचे सांगायचे असेल तर ग्राहकांमधल्या फरकाचे काही रूप गृहीत धरावे लागते. फेडर आणि हार्डी यांनी २००७ मध्ये यासाठी एक प्रारूप सुचवले, जे साध्या स्प्रेडशीटवर बसवता येते. प्रत्येक ग्राहकाची सोडून जाण्याची शक्यता स्वतःपुरती कायम असते, पण ती ग्राहकागणिक वेगळी असते आणि ‘बीटा’ नावाच्या विभागणीप्रमाणे पसरलेली असते, असे ते मानते. म्हणजे आपल्या दोन गटांच्या जागी चंचलतेची एक अखंड श्रेणी. त्यातून प्रत्येक वयाचा टिकाव एका साध्या सूत्राने मिळतो:

```
r(t) = (beta + t - 1) / (alpha + beta + t - 1)
S(t) = r(1) * r(2) * ... * r(t)
```

यात `r(t)` हा त्या वयाच्या महिन्याचा टिकाव आहे आणि `S(t)` हा तोपर्यंत उरलेल्यांचा वाटा. `alpha` आणि `beta` हे दोन आकडे असे निवडायचे की नोंदींतला आलेख सूत्राच्या आलेखाशी शक्य तितका जुळावा. `t` वाढत गेला की टिकाव आपोआप वाढतो, जे वरच्या तक्त्यात दिसलेच आहे. कायम दराच्या भागाकारापेक्षा हे प्रारूप पुष्कळ चांगले भाकीत करते, पण त्याच्या शेपटीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. या सूत्रात `alpha` १ किंवा त्याहून कमी आला, तर अपेक्षित वर्गण्यांची बेरीज अनंत होते. असे प्रत्यक्ष नोंदींवर घडते. त्याचा अर्थ काही ग्राहक अमर आहेत असा नसून, प्रारूपाला दूरच्या भविष्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही असा आहे.

म्हणून भविष्यातल्या वर्गणीला आजच्या वर्गणीपेक्षा कमी किंमत द्यावी लागते, म्हणजे वटाव दर लावावा लागतो. दरमहा १% वटाव धरला, तर आपल्या चंचल ग्राहकाचे मूल्य ५ वरून ४.८ होते, जवळजवळ तेवढेच. पण स्थिर ग्राहकाचे ५० वरून ३३.७ वर येते, आणि सरासरी २७.५ ची १९.२ होते. वर्गणीच्या पूर्ण रकमेऐवजी सेवा देण्याचा थेट खर्च वजा करून उरणारी रक्कम धरावी, हेही इथेच सांगून ठेवतो. तेवढ्याने भागाकाराची चूक सुटत नाही, पण तसे न केल्यास मूल्य फुगते.

नोंदींविषयी दोन गोष्टी आधीच पक्क्या केल्या नाहीत, तर वरचे सगळे गणित चुकीच्या पायावर उभे राहते. पहिली, ग्राहक ‘गेला’ म्हणजे नेमके काय आणि केव्हा. त्याने रद्द करण्याचे बटण दाबले तो दिवस धरायचा, की भरलेल्या वर्गणीची मुदत संपली तो? मूल्य मोजताना दुसराच दिवस धरावा, कारण पैसे तोपर्यंतचे मिळालेले असतात. कार्डची मुदत संपल्यामुळे पैसे न वळते झालेला ग्राहक पुष्कळदा काही दिवसांत परत येतो. त्याला लगेच गेलेला आणि पुन्हा नवा आलेला असे धरले, तर गळती आणि नव्यांची संख्या दोन्ही फुगतात. अशांसाठी काही दिवसांची ठरावीक मुभा ठेवावी आणि ती वर्षभर बदलू नये.

दुसरी गोष्ट वार्षिक वर्गणीची. समजा, एका महिन्यात १,००० वर्गणीदार आहेत. त्यांपैकी ४०० मासिक वर्गणी भरतात, आणि ६०० वार्षिक, ज्यांतल्या फक्त ५० जणांचे नूतनीकरण या महिन्यात आहे. महिन्यात एकूण ३६ जण गेले. ३६ ला १,००० ने भागले, तर गळती ३.६% दिसते. पण उरलेले ५५० वार्षिक ग्राहक या महिन्यात जाऊच शकत नव्हते. जाण्याची संधी असलेले फक्त ४५० होते, आणि त्यांच्या हिशेबाने गळती ८% आहे. त्यांतही मासिक ग्राहकाचा महिना आणि वार्षिक ग्राहकाचे नूतनीकरण हे सारखे निर्णय नाहीत, म्हणून दोन्ही प्रकारांचे आलेख वेगळेच काढावेत. वार्षिक ग्राहकांसाठी वयाचे एकक महिना न धरता वर्ष धरावे.

एवढे करूनही अंदाज किती पक्का आहे, हा प्रश्न उरतो. त्याची तपासणी करता येते: जुन्या तुकडीचे पहिले बारा महिनेच हाती आहेत असे मानून पुढच्या बारा महिन्यांचे भाकीत करावे, आणि ते प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहावे. पण दोन वर्षांच्या पलीकडचा भाग असा ताडता येत नाही, आणि मूल्याचा मोठा वाटा तिथेच असतो. आपल्या उदाहरणात स्थिर गटाच्या ५०० जणांपैकी पहिल्या महिन्यात फक्त १० जण जातात. योगायोगाने १० ऐवजी ७ किंवा १३ जाणे अगदी स्वाभाविक आहे, त्यामुळे त्यांचा खरा दर २% आहे, १.५% आहे की २.५%, हे थोड्या महिन्यांच्या नोंदींतून सांगणे अवघड असते. तो १.५% असेल तर नव्या ग्राहकाचे सरासरी आजीवन मूल्य ३५.८ वर्गण्या होते, आणि २.५% असेल तर २२.५. याउलट पहिल्या २४ महिन्यांचे मूल्य पहिल्या स्थितीत १२.६ आणि दुसऱ्या स्थितीत ११.६ एवढेच हलते. यासाठीच नवा ग्राहक मिळवण्याच्या खर्चाची मर्यादा ठरवताना आजीवन आकडा न वापरता २४ किंवा ३६ महिन्यांचे मूल्य वापरावे, म्हणजे जेवढ्या काळाच्या नोंदी हाती आहेत तेवढ्याच काळाचे. पूर्ण आजीवन मूल्य सांगावेच लागले, तर ते एका आकड्यात न सांगता अशा दोन टोकांच्या आकड्यांत सांगावे, आणि त्याचा किती भाग अजून कोणी पाहिलेला नाही हेही त्याच ओळीत लिहावे.